‘लेट्स पुश इट’ म्हणजे आज काय करायचं?

ऑफिसच्या इंग्रजी मेसेजमधलं काय परक्या वाचकाला अडवेल, याचा अंदाज बांधताना आपली नजर रंगीत वाक्प्रचारांवर जाते. ‘लेट्स नॉट बॉइल द ओशन’ असं कुणी लिहिलं, की वाटतं, हे ओसाकाच्या माणसाला कसं कळणार? पण ओसाकाचा माणूस इथे लगेच थांबतो. समुद्र उकळण्याशी आपल्या कामाचा संबंध नाही, म्हणजे लिहिणाऱ्याला दुसरंच काही म्हणायचंय, हे त्याच्या ध्यानात येतं. तो शोधतो, विचारतो, अर्थ लागला की पुढे जातो. थोडा वेळ गेला, पण काम बिघडलं नाही. काम बिघडतं ते वाचक थांबतच नाही तिथे. ‘पुश’, ‘टेबल’, ‘रिव्हर्ट’, ‘इव्हेंच्युअली’ हे शब्द त्याला येत असतात. वाक्यही सोपं असतं. तो अर्थ लावतो, कामाला लागतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात भलतंच असतं.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. मॅन्युअल लिहिणं हे माझं मूळ काम. आमची टीम बॉस्टन, साओ पाउलो, म्युनिक, पुणे आणि ओसाका अशी पसरल्यावर आणखी एक काम माझ्याकडे आलं. सर्वांसाठीच्या चॅनेलवर जे मेसेज जातात, त्यांपैकी ज्यांच्यामुळे कुणाला काही करायचं किंवा करायचं थांबवायचं असतं, ते आधी माझ्या नजरेखालून जातात. उन्हाळ्यात बॉस्टनला सकाळचे 9 वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. त्या सुमारास बॉस्टनची टीम-लीड मला कच्चा मजकूर पाठवते आणि मी तो, इंग्रजी शाळेत शिकलेल्या पण इंग्रजीत न वाढलेल्या माणसाला एका वाचनात कळेल असा करून परत देते. ती इंग्रजीतच वाढलेली आहे. झरझर आणि मोकळेपणानं लिहिते, आणि तिच्या मेसेजमधला जिव्हाळा सगळ्यांना आवडतो. तो घालवायचा नाही, ही माझ्या कामातली पहिली अट.

ज्या मेसेजवरून या कामाचं सगळं स्वरूप दिसतं, तो माझ्याकडे न येता गेला होता. मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी 3 वाजता, घाईत असताना, तिनं तो बॉस्टनहून टाकला:

‘हे टीम, हेड्स अप! क्यूए थ्रू अस अ कर्व्हबॉल ऑन रिफंड्स, सो फ्रायडेज रिलीज इज अप इन द एअर. लेट्स पुश इट. इफ एनीवन हॅज बँडविड्थ, वुड बी ग्रेट टू गेट सम आइज ऑन द पेमेंट टिकिट बाय ईओडी. वुई विल सर्कल बॅक ऑन द रेस्ट. यू गाइज आर किलिंग इट!’

इंग्रजीत वाढलेल्या सहकाऱ्याला यात काहीही अवघड वाटणार नाही. बाकीच्यांचं काय झालं, ते एकेक करून पाहण्यासारखं आहे.

म्युनिकच्या इंजिनिअरनं तो शुक्रवारी सकाळी 9 वाजता उघडला. तेव्हा पुण्यात साडेबारा वाजले होते आणि बॉस्टनला पहाटेचे 3, म्हणजे विचारायला तिकडे कुणी जागं नव्हतं. ‘कर्व्हबॉल’ त्याला कळला नाही. तो बेसबॉलमधला शब्द आहे: फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेनं वळणारा चेंडू, आणि त्यावरून अचानक उभी राहिलेली अडचण. पण न कळलेल्या शब्दाची त्याला चिंता वाटली नाही. त्याची नजर गेली ‘लेट्स पुश इट’वर. हा शब्द तो रोज वापरतो. कोड सर्व्हरवर पाठवण्याची आज्ञाच `git push` अशी आहे, आणि आमच्याकडे बोलताना ‘प्रॉडक्शनला पुश केलं’ म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचवलं. लीडच्या मनात अर्थ होता ‘पुढे ढकलू या’. त्याच्या वाचनात अर्थ झाला ‘पाठवून देऊ या’. दोन्ही अर्थ इंग्रजीत रीतसर आहेत, आणि आमच्या धंद्यात ते एकाच वाक्यात, एकाच ‘रिलीज’ शब्दाला लागू पडतात. त्यानं मला विचारलं, ‘आत्ताच पाठवू का?’ ‘अप इन द एअर’ म्हणजे अनिश्चित हे मला ठाऊक होतं, म्हणून लीडला रिलीज थांबवायचीच आहे असा माझा कयास होता. पण कयासावर रिलीज चालत नाही. ती जागी होईपर्यंत काहीच पाठवू नकोस, असं मी त्याला सांगितलं.

ओसाकाच्या इंजिनिअरकडे पेमेंटच्या कोडची खरी माहिती होती. तिकिटावर नजर टाकायला हवी होती ती तिनंच. मेसेज पडला तेव्हा तिकडे शुक्रवारचे पहाटेचे 4 वाजले होते. ‘ईओडी’, म्हणजे दिवस संपेपर्यंत, यातला दिवस बॉस्टनचा गुरुवार धरला तर तो ओसाकाच्या शुक्रवारी सकाळी 6 वाजता संपत होता. ती कामाला बसायच्या आत मुदत उलटून गेलेली! तिनं मात्र मुदतीचा विचारच केला नाही, कारण ‘इफ एनीवन हॅज बँडविड्थ, वुड बी ग्रेट’ हे तिनं जसं लिहिलं होतं तसं वाचलं: कुणाला वेळ असेल तर बरं होईल. तिला वेळ नव्हता. बॉस्टनच्या इंग्रजीत ही नम्र भाषेत केलेली तातडीची विनंती होती. ओसाकाला ती ऐच्छिक सूचना म्हणून पोचली. इथे एकही अनोळखी शब्द नाही. ‘बँडविड्थ’ म्हणजे वेळ किंवा ताकद, हेही तिला ठाऊक होतं.

साओ पाउलोत तेव्हा गुरुवारचे संध्याकाळचे 4 वाजले होते. तिथल्या सहकाऱ्याला वाटलं, आपल्याकडे दोन तास आहेत. हातातलं काम सोडून तो पेमेंटच्या तिकिटावर बसला. तो भाग त्याचा नव्हता. त्याच्या टिपणाचा उपयोग झाला नाही.

या तिघांचं इंग्रजी चांगलं आहे. तिघेही इंग्रजीत डिझाइनचे दस्तऐवज लिहितात. म्हणून ‘त्यांचं इंग्रजी कच्चं’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कमी पडला तो मेसेज.

मानसशास्त्रातला एक जुना प्रश्न या बाबतीत फार उपयोगी पडतो. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड झाली आहे, तर ती आता कधी?’ लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कर यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न वापरला होता. इंग्रजीतच वाढलेल्या माणसांत साधारण निम्मे सोमवार म्हणतात आणि निम्मे शुक्रवार. आपण स्वतः काळाकडे चाललोय की काळ आपल्याकडे येतोय, हे त्या क्षणी मनात कसं आहे त्यावर उत्तर ठरतं. आपल्याकडे याला ‘प्रीपोन’ हा सरळ शब्द आहे आणि भारतात तो कुणालाही कळतो, पण बॉस्टनला तो अनेकांनी ऐकलेलाच नसतो. म्हणून माझ्या मजकुरात ‘फॉरवर्ड’ही नसतं आणि ‘प्रीपोन’ही नसतं. ‘मीटिंग बुधवारी नाही, सोमवारी, 6 तारखेला आहे’ एवढंच असतं.

‘टेबल’ची गोष्ट तर दुसऱ्या महायुद्धाइतकी जुनी आहे. अमेरिकन माणूस एखादा विषय ‘टेबल’ करतो तेव्हा तो बाजूला ठेवतो. ब्रिटिश माणूस ‘टेबल’ करतो तेव्हा तो चर्चेला घेतो. चर्चिलनं युद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात लिहून ठेवलंय, की ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीनं चर्चेला हवं होतं, अमेरिकनांनी ते ‘टेबल’ करायला विरोध केला, आणि दोघांनाही एकच हवं होतं हे कळेपर्यंत बराच वेळ कडू वाद झाला. दोन्ही बाजूंची मातृभाषा इंग्रजी होती.

शुक्रवारी संध्याकाळी लीडबरोबर बसले. तिचा मेसेज घेऊन शब्दाला शब्द बदलत जाणं सोपं होतं: ‘कर्व्हबॉल’च्या जागी ‘प्रॉब्लेम’, ‘सर्कल बॅक’च्या जागी ‘डिस्कस अगेन’, ‘आइज’च्या जागी ‘रिव्ह्यू’. नवशिके लोक असंच करतात आणि मेसेज दिसायला सोपा होतो. पण ‘वुई विल डिस्कस द रेस्ट अगेन’ या वाक्यात कधी, कुणी आणि ‘द रेस्ट’ म्हणजे काय, हे कुठे आहे? ‘सर्कल बॅक’मध्येही ते नव्हतं. वाक्प्रचाराच्या लयीमुळे ते जाणवत नव्हतं एवढंच. या कामाचा मोठा भाग लिहिण्याचा नाहीच, विचारण्याचा आहे. मी तिला चार गोष्टी विचारल्या. रिलीज रद्द की पुढे, आणि पुढे तर कोणत्या तारखेला? क्यूएला नक्की काय सापडलं? तिकिट कुणी बघायचं आहे? ‘बाकीचं’ म्हणजे काय, आणि ते कुठे ठरणार?

पहिल्या प्रश्नावर ती थोडी थांबली, कारण तारीख तिनंही ठरवली नव्हती. तिनं क्यूएला फोन केला, मंगळवार ठरला. हे वारंवार होतं: वाक्प्रचार उकलायला गेलं की आत न झालेला निर्णय सापडतो. तो शोधून काढला नाही आणि नुसतं सोपं इंग्रजी लिहिलं, तर वाचकाला एक स्वच्छ पण रिकामं वाक्य मिळतं.

गुरुवारी जो मेसेज जायला हवा होता, तो आम्ही असा लिहिला. पहिल्या ओळीत फक्त निर्णय:

‘हाय ऑल. फ्रायडेज रिलीज इज पोस्टपोन्ड टू ट्यूजडे, 14 मे. प्लीज डू नॉट डिप्लॉय एनीथिंग बिफोर दॅट.’

मग कारण:

‘द टेस्ट टीम फाउंड अ न्यू प्रॉब्लेम: सम कस्टमर्स कॅन गेट द सेम रिफंड ट्वाइस.’

मग काम. ज्या व्यक्तीनं ते करायचं तिचं नाव सुरुवातीलाच होतं, ते इथे गाळलंय:

‘प्लीज रिव्ह्यू द पेमेंट टिकिट बाय फ्रायडे, 17:00 ओसाका टाइम. इफ यू कॅनॉट, टेल मी, अँड आय विल आस्क समवन एल्स.’

शेवटी ‘बाकीचं’ आणि आभार:

‘वुई विल डिसाइड अबाउट द ओल्ड रिपोर्ट्स इन मंडेज मीटिंग. थँक यू टू द टेस्ट टीम. यू फाउंड धिस बिफोर द कस्टमर्स डिड.’

‘पोस्टपोन’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. ‘पुट ऑफ’ बोलण्यात जवळचा वाटतो, पण ‘पुट’ आणि ‘ऑफ’ हे दोन सोपे तुकडे जोडून ‘लांबणीवर टाकणं’ हा अर्थ निघत नाही. ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट डाउन’ असली क्रियापदं परक्या वाचकाला लांबलचक लॅटिन शब्दांपेक्षा अवघड जातात. ‘साधं म्हणजे छोटा शब्द’ हा नियम इंग्रजीत वाढलेल्यांसाठी ठीक आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसाला ‘कॅन्सल’ हा त्याच्या स्वतःच्या ‘कान्सेलार’सारखा दिसतो, ‘कॉल ऑफ’ त्याला कशासारखाच दिसत नाही. ‘डिप्लॉय’ ठेवला, कारण तो आमच्या धंद्याचा शब्द आहे आणि पाचही शहरांत त्याचा एकच अर्थ आहे. बाहेरच्या संपादकांकडून इथेच गफलत होते: ‘मर्ज’, ‘ब्रँच’, ‘डिप्लॉय’ असे तांत्रिक शब्द त्यांना अवघड वाटतात, म्हणून ते त्यांचंच सोपं रूपांतर करत बसतात आणि ‘टच बेस’ तसाच राहतो.

आपल्याच भाषेतल्या शब्दासारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द हा या कामातला सर्वांत चकवणारा भाग आहे. ‘वुई विल इव्हेंच्युअली फिक्स इट’ हे बॉस्टनचं वचन आहे: वेळ लागेल, पण दुरुस्त करू. जर्मनमध्ये ‘एव्हेंटुएल’ म्हणजे ‘कदाचित’. म्युनिकचा वाचक वचनाऐवजी शक्यता वाचतो. ‘अ‍ॅक्च्युअली’ वाचताना साओ पाउलोतल्या माणसाच्या मनात ‘आतुआलमेंते’ येतं, आणि त्याचा अर्थ ‘सध्या’. जपानीत इंग्रजीतून गेलेला ‘कुरेमु’, म्हणजे आपला ‘क्लेम’, हा ग्राहकाची तक्रार या अर्थी चालतो. ‘द रिपोर्ट क्लेम्स’ असं लिहिलं तर तिथे कुणी नाराज आहे असा सूर लागू शकतो. अशा वाक्यांत मी तो शब्दच काढते. ‘इव्हेंच्युअली’च्या जागी महिना लिहिते. महिना ठरला नसेल तर ‘वुई विल फिक्स इट, बट वुई डू नॉट हॅव अ डेट यट’ असं लिहिते.

वाक्प्रचार डोक्यात कसा उतरतो यावर अ‍ॅना चिएश्लित्स्का यांचा 2006 सालचा अभ्यास आहे. इंग्रजी शिकलेल्या पोलिश विद्यार्थ्यांमध्ये, वाक्प्रचार ओळखीचा असला तरी त्याचा शब्दशः अर्थ मनात आधी जागा होतो, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या रोजच्या अनुभवाशी हे जुळतं. ‘हेड्स अप’ माहीत असलेला माणूससुद्धा तो वाचताना क्षणभर डोकं वर करतो, मग सूचनेकडे येतो. एक क्षण काहीच नाही. पण एका मेसेजमध्ये असे सहा क्षण असले, की खरा निर्णय सातव्या जागी सापडतो आणि तोवर वाचक दमलेला असतो.

आता आपल्याकडचं. परक्यांना अडणारं इंग्रजी बॉस्टनहूनच येतं असं नाही. पुण्याच्या मेसेजमध्ये मी जे बदलते ते मला जास्त जवळचं आहे, कारण ते माझ्याही तोंडात आहे. आमच्या एका ज्युनिअरनं साओ पाउलोला लिहिलं होतं, ‘काइंडली चेक द चेंज अँड रिव्हर्ट.’ आपल्याकडे ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. तिकडे, आणि सगळ्या सॉफ्टवेअरच्या जगात, `git revert` म्हणजे केलेला बदल उलटवा. त्या सहकाऱ्यानं बदल तपासला, ठीक आहे असं पाहिलं, आणि सांगितल्याप्रमाणे उलटवला. ज्युनिअर दिवसभर उत्तराची वाट बघत राहिली. ‘पुश’इतकाच हा धोकादायक शब्द आहे, आणि त्याच कारणानं: वाचकाला तो नीट येतो. त्याच्या जागी ‘रिप्लाय’.

‘आय हॅव अ डाउट’ हे दुसरं. वर्गात हात वर करून आपण जे विचारतो ते ‘डाउट’, म्हणजे प्रश्न. म्युनिकच्या माणसानं आठवडाभर खपून डिझाइन तयार केलं आणि पुण्याहून उत्तर गेलं, ‘आय हॅव अ डाउट इन युवर डिझाइन’, तर त्याला ती शंका वाटते, डिझाइनवरची आणि कदाचित त्याच्यावरचीही. त्या माणसानं मला हे अगदी शांतपणे सांगितलं होतं आणि मला वाईट वाटलं, कारण विचारणाऱ्याला खरोखर फक्त एक आकडा हवा होता. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट पेज 4’ एवढं पुरतं. ‘फर्स्ट हाफ’ आणि ‘सेकंड हाफ’ या आपल्या ऑफिसांतल्या वेळा बाहेर कुणाला माहीत नाहीत. तिथे घड्याळाची वेळ आणि शहराचं नाव. लाख आणि कोटीही तसेच. ‘डू द नीडफुल’ मी काढते तेव्हा लिहिणाऱ्याला नेहमी विचारते, नीडफुल म्हणजे नेमकं काय? बहुतेक वेळा उत्तरात तीन कामं निघतात आणि त्यांतलं एक त्याच्या स्वतःकडचंच असतं.

वेळ सांगताना आणखी एक गोष्ट. लंडनचा माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणतो तेव्हा साडेसात. जर्मनमध्ये ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे साडेसहा. एकाच कॉलला दोघं तासाच्या फरकानं आले तर चूक कुणाची म्हणणार? आम्ही 24 तासांचं घड्याळ आणि शहर लिहितो, आणि महिना नेहमी अक्षरांत, कारण 04/05 हे एकाला एप्रिल दिसतं, दुसऱ्याला मे.

हे सगळं यंत्रानं करता येणार नाही का, असं टीम-लीडनं विचारलं होतं. काही भाग येतो. ‘वेल’ नावाचं मजकूर तपासणारं मुक्त साधन मी मॅन्युअलसाठी वापरतेच. त्यात ठरावीक शब्द आणि त्यांचे पर्याय यांची यादी अशी देता येते:

```yaml
extends: substitution
message: "Use '%s' instead of '%s'."
level: warning
ignorecase: true
swap:
  touch base: talk
  ballpark figure: rough estimate
  in the loop: informed
```

मग कच्चा मेसेज एका फाइलमध्ये ठेवून `vale draft.md` चालवलं, की यादीतला शब्द जिथे आला असेल तिथे खूण मिळते. चॅट चालतं त्या स्लॅकमध्येही ठरावीक शब्द लिहिला की ठरावीक उत्तर देणारी सोय असते. पण ते उत्तर सगळ्यांसमोर येतं, आणि लिहिणाऱ्याला चारचौघांत टोकल्यासारखं होतं, म्हणून आम्ही ती बंद ठेवली. यादीची मर्यादा लगेच कळते. ‘बॉलपार्क फिगर’ तिला सापडतो, कारण ऑफिसात तो दुसऱ्या कुठल्याच अर्थानं येत नाही. ‘पुश’ घालून पाहिला तर दिवसभर खुणाच खुणा, कारण बहुतेक ‘पुश’ योग्यच असतात. ज्या शब्दांनी काम बिघडतं तेच शब्द यादीला पकडता येत नाहीत. ते पकडायला संदर्भ लागतो, आणि वाचणारा कोण आहे हे माहीत असावं लागतं.

जिव्हाळ्याचं म्हटलं होतं. लीडची सुरुवातीची तक्रार रास्त होती: ‘हे वाचून मी कुणी दुसरीच वाटते.’ वाक्प्रचार काढून नुसती आज्ञार्थी वाक्यं उरली तर मेसेज खरंच सरकारी नोटीस होतो. पण तिचा जिव्हाळा ‘यू गाइज आर किलिंग इट’मध्ये होता असं मला वाटत नाही. ते वाक्य ती दर आठवड्याला लिहायची. ‘यू फाउंड धिस बिफोर द कस्टमर्स डिड’ हे त्या आठवड्यातलं होतं, त्या माणसांनी केलेल्या कामाबद्दल होतं, आणि मुदत बदलून तो मेसेज गेल्यावर क्यूएमधल्या एकानं ते आपल्या मॅनेजरला पुढे पाठवलं. नेमकेपणानं केलेलं कौतुक कुठल्याही भाषेतून आलेल्या माणसाला पोचतं. शिवाय गप्पांच्या चॅनेलला मी हात लावत नाही. तिथे तिनं बेसबॉलवर हवं ते लिहावं, म्युनिकनं फुटबॉलवर लिहावं, आम्ही क्रिकेटवर लिहितोच. तिथे कुणी ‘स्टिकी विकेट’चा अर्थ विचारला तर मजा येते. तिथल्या मेसेजवर रिलीज अवलंबून नसते.

बदललेला मेसेज पोचला की नाही, हे कसं ओळखायचं? अंगठ्याच्या चिन्हावर मी विश्वास ठेवत नाही. त्या गुरुवारच्या मेसेजलाही तीन अंगठे होते. ‘कळलं ना?’ असं विचारणंही व्यर्थ, कारण ओसाकात काय आणि पुण्यात काय, वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणं जिवावर येतं. मी विचारते, ‘यावरून तू आधी काय करशील?’ उत्तरात मेसेजमधलेच शब्द जसेच्या तसे परत आले तर मला शंका येते. वाचणारीच्या स्वतःच्या शब्दांत आलं, ‘मी रिफंडचं फंक्शन दुपारी वाचते आणि पाचच्या आत कॉमेंट टाकते’ असं, तर पोचलं. दुसरी खूण उलट दिशेची: चॅनेलवर शांतता आणि मला खासगीत प्रश्न. एकाच मेसेजवर दोन शहरांतून खासगी प्रश्न आले, तर तो मेसेज मी लगेच बदलून घेते आणि खाली ‘बदलला’ अशी नोंद करते. त्या नोंदीमुळे आधी चुकीचं वाचलेला माणूस परत वाचतो.

वाक्प्रचार नसूनही वाक्प्रचारासारखी वागणारी नम्र वाक्यं मात्र अजून माझ्या यादीत बसत नाहीत. ‘यू माइट वाँट टू चेक द लॉग्ज’ हा बॉस्टनचा सल्ला नाही, ते सांगणं आहे. ओसाकाला तो सल्ला वाटतो. ‘इट्स अ बिट रिस्की’ ब्रिटिश माणसाकडून आलं तर बराच धोका आहे असं समजावं लागतं. आणि सध्या आम्ही सगळ्यात जास्त अडलोय ते ‘शुड’वर. ‘द फिक्स शुड वर्क’ या वाक्यात दुरुस्ती चालवून पाहिली आहे की नाही, ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. माझ्याकडे त्याला एक पर्याय नाही, दोन आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. कोणता घ्यायचा हे फक्त लिहिणारा सांगू शकतो. मागच्या आठवड्यात हेच वाक्य लीडच्या कच्च्या मजकुरात आलं. मी विचारलं, ‘तू चालवून पाहिलंस?’ ती ‘नाही’ म्हणाली. मेसेज गेला तो असा: ‘आय हॅव नॉट टेस्टेड धिस फिक्स. प्लीज टेस्ट इट बिफोर यू मर्ज.’